बाइंडिंगजवळची ओळ वाकते तेव्हा: पुस्तकाच्या पानाचा फोटो काढायचा कसा आणि सरळ करायचा कसा

माझी आत्या नौपाड्यात राहते, वय ७८, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास आहे, त्यामुळे मधलं दिसत नाही नीट, कडेकडेचं दिसतं. पुस्तक हातात धरून वाचणं बंद झालं दोन वर्षांपूर्वी. मग मी तिला दहा इंची टॅब दिला आणि तिच्या आवडत्या एका जुन्या पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून त्यात टाकले. दोन बोटांनी मोठं करून वाचायचं, सोप्पं. चार दिवसांनी फोन आला, "अगं, ओळ पळते. अर्ध्यापर्यंत सरळ येते आणि मग खाली कुठेतरी जाते, मी दुसरीच ओळ वाचायला लागते."

फोटो उघडून बघितला तर मला काही वाकडं वाटलं नाही. पूर्ण पान एकदम बघताना आपला डोळा वळण सांभाळून घेतो ना. पण तिच्यासारखं तिप्पट मोठं करून बघितलं तेव्हा कळलं. पानाच्या वरच्या भागातली ओळ बाइंडिंगकडे जाताना सात-आठ मिलिमीटर खाली उतरत होती, तिप्पट केल्यावर ते होतं अडीच सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे तिने बोट नुसतं आडवं सरकवलं तर पोचणार दुसऱ्याच ओळीवर. तिला प्रत्येक ओळीला आडवंही सरकवायचं आणि शेवटी थोडं खालीवरही, आणि ते किती, हे प्रत्येक ओळीला वेगळं. अशाने कोण वाचेल?

म्हणून मग हे सगळं शिकले. दोनेक महिने गेले, पानं चुकली, परत काढली. फोटो काढायच्या पद्धतीपासून सुरुवात करते, कारण निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं आणि बहुतेक लोक तो भाग सोडून थेट कुठलं अॅप चांगलं ते विचारतात.

ओळ वाकते म्हणजे नक्की काय होतं

पुस्तक टेबलावर सपाट उघडलं की पान सपाट नसतंच. मध्ये खाच, तिथून पान वर चढतं, फुगतं, आणि मग बाहेरच्या कडेला हळूहळू खाली येतं. फुगवटा खाचेपेक्षा साधारण दीड सेंटीमीटर वर असतो, जाड पुस्तकाला जास्त. कॅमेऱ्याला जवळची वस्तू मोठी दिसते. म्हणजे फुगवट्यावरची अक्षरं थोडी मोठी, खाचेतली थोडी लहान, आणि हे मोठं-लहान होणं फोटोच्या मध्यबिंदूपासून बाहेरच्या दिशेने होतं. म्हणून पानाच्या बरोबर मधली ओळ जवळजवळ सरळच राहते, वरच्या ओळी खाचेकडे जाताना खाली झुकतात आणि खालच्या ओळी वर चढतात. तुमचा कुठलाही फोटो काढून बघा, हेच दिसेल. सगळ्या ओळी एकाच दिशेला तिरक्या असतील तर तो फोन तिरका धरल्याचा दोष, तो वेगळा, आणि तो कुठलंही अॅप काढून टाकतं.

आता एक हिशोब, एवढा एकच समजून घ्या. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने डेमी साइजचं एक पान, म्हणजे साधारण १४ बाय २१.५ सेंटीमीटर, फ्रेममध्ये भरून घ्यायचं तर फोन पानापासून १८ सेंटीमीटरवर आणावा लागतो. फुगवटा दीड सेंटीमीटर असेल तर खाच १८ वर आणि फुगवटा १६.५ वर, फरक नऊ टक्के. पानाच्या मध्यापासून नऊ सेंटीमीटर वर असलेली ओळ त्यामुळे आठेक मिलिमीटर हलते. मराठी पुस्तकात दोन ओळींमधलं अंतर सहा मिलिमीटरच्या आसपास असतं. म्हणजे ओळ एका आख्ख्या ओळीपेक्षा जास्त घसरली!

तेच पान २ एक्स झूम लावून ३६ सेंटीमीटरवरून काढलं तर तीच ओळ चार मिलिमीटरच हलते. पुस्तक तेच, फुगवटा तोच, फक्त लांब गेलात. म्हणून पहिला नियम, जवळ जाऊ नका, लांब जा आणि झूम करा. फक्त झूम खरा हवा, म्हणजे फोनला वेगळी २ एक्स लेन्स असावी किंवा सेन्सर ४८-५० मेगापिक्सेलचा असावा जो मधला भाग कापून खरे बारा मेगापिक्सेल देतो. स्वस्तातल्या जुन्या फोनचा डिजिटल झूम नुसता फोटो ताणतो, त्याचा इथे काही उपयोग नाही.

वाकण्यापेक्षा वाईट गोष्ट, चेपणं

ओळ वाकलेली डोळ्याला दिसते, पण खरं नुकसान दुसरीकडे होत असतं. खाचेजवळ पान कॅमेऱ्याला तोंड करून नसतं, ते उतारावर असतं. उतार साठ अंशांचा असेल तर अक्षराची रुंदी फोटोत बरोबर निम्मी होते. सत्तर अंश असेल तर जेमतेम एक तृतीयांश. उंची तेवढीच राहते. म्हणून खाचेजवळची अक्षरं अशी उभट, दाटीवाटीने उभी असल्यासारखी दिसतात, आठ वाजून वीस मिनिटांच्या लोकलमध्ये ठाण्याला चढल्यासारखी.

सॉफ्टवेअर नंतर ती अक्षरं ताणून परत रुंद करतं. पण ते ताणतं म्हणजे आहेत तेच ठिपके पसरवतं, नवीन काही आणत नाही. माझ्या पहिल्या फोटोंमध्ये मी दोन पानं एकत्र काढली होती, ३१ सेंटीमीटर रुंदीला ४००० ठिपके, म्हणजे मिलिमीटरला साधारण १३. सपाट भागात ते झकास. पण खाचेत साठ अंशांच्या उतारावर आडवे उरले साडेसहा. त्यात 'ष' आणि 'प' वेगळे ओळखायचे, 'घ' आणि 'ध' वेगळे ओळखायचे, ते पण सावलीत. सरळ केल्यावर ओळ अगदी पट्टीने मारल्यासारखी सरळ आली, आणि तिच्या टोकाला तीन शब्द धुक्यात. आत्या म्हणाली, आता ओळ पळत नाही पण शेवटी विरघळते.

एक-एक पान वेगळं काढलं तर मिलिमीटरला १७ ठिपके मिळतात, उतारावर साडेआठ. बरं, पण पुरेसं नाही. खरा फायदा उतार कमी करण्यात आहे.

पुस्तक पूर्ण उघडू नका

आपण सगळे उलटं करतो. पुस्तक जास्तीत जास्त सपाट करायला बघतो, तळहाताने दाबतो, वर काच ठेवतो. पण पुस्तक १८० अंशात उघडलं की दोन्ही पानांना खाचेत बुडी मारावीच लागते. तेच पुस्तक ९० ते १०० अंशातच उघडलं, म्हणजे एक बाजू टेबलावर आडवी आणि दुसरी जवळजवळ उभी, तर आडवं पान बाइंडिंगपर्यंत बरंचसं सपाट जातं. मोठमोठ्या डिजिटायझेशनवाल्यांचं स्कॅनिंगचं स्टँडही व्ही आकाराचं असतं, इंटरनेट आर्काइव्हचं स्क्राइब मशीन बघा, पुस्तक व्हीमध्ये बसतं आणि दोन कॅमेरे दोन पानांकडे काटकोनात बघतात. २००९ मध्ये डॅनियल रीट्झने घरी बनवायच्या बुक स्कॅनरची माहिती सगळ्यांसाठी टाकली, त्यातही हेच. आपल्याकडे दोन कॅमेरे नाहीत, हरकत नाही, एका वेळी एकच बाजू काढायची.

माझी मांडणी सांगते. डायनिंग टेबल भिंतीला लावलेलं. भिंतीशी बुटांचा रिकामा खोका, त्याला पुस्तकाचं डावं पुठ्ठ्याचं कव्हर आणि वाचून झालेली पानं टेकवलेली, उजवं पान आडवं. वर प्लॅस्टिकचं स्टूल टेबलावरच ठेवलं, फोन त्याच्या कडेवरून कॅमेरा बाहेर येईल असा, मागच्या बाजूला वजन म्हणून तांदळाची एक किलोची पिशवी. फोन ते पान अंतर साधारण ३६ सेंटीमीटर. आधी सगळी उजवी पानं काढायची, म्हणजे विषम आकडे, १, ३, ५. मग पुस्तक फिरवून सगळी डावी, सम आकडे. फायलींना पानाचा आकडा नाव म्हणून दिला की आपोआप क्रमाने लागतात, पण आकड्याच्या आधी शून्य लावा, ००१, ००२ असं, नाहीतर १ नंतर १० येतो आणि मग शोधत बसा.

जितक्या वेळा पान उलटाल तितकी आडव्या बाजूची जाडी कमी होते आणि फोनपासूनचं अंतर वाढतं. तीस-चाळीस पानांनी खाली एक वही सरकवायची. मी हे विसरले आणि शेवटची साठ पानं किंचित लहान आली, फार बिघडलं नाही पण आत्याच्या लक्षात आलं.

कॅमेरा पानाला काटकोनात आहे का ते बघायला एक जुनी युक्ती आहे. पर्समधला छोटा आरसा पानाच्या मध्यभागी सपाट ठेवा आणि फोनच्या स्क्रीनवर बघा. आरशात कॅमेऱ्याच्या लेन्सचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मध्ये दिसलं की काटकोन झाला. मोबाइलचं लेव्हल टेबलाच्या तुलनेत नाही, जमिनीच्या तुलनेत चालतं, पान तिरकं असेल तर त्याचा उपयोग नाही, आरशाचा आहे.

फोकस बोटाने टॅप करून लावा, आणि तो पानाच्या मधोमध नाही, खाचेपासून तीनेक सेंटीमीटरवर. मधला भाग तसाही शार्प येतो, धूसर होतो तो खोल गेलेला भाग. आणि मॅक्रो मोड बंद करा. बरेच फोन जवळ गेलं की गुपचूप वाइड लेन्सवर उडी मारतात आणि तिचं वाकणं आणखी वेगळं.

उजेड कुठून हवा

फ्लॅश नको, फुगवट्यावर पांढरा डाग पडतो आणि खाच काळीच राहते. टेबल लॅम्प बहुतेक जण बाजूला ठेवतात, पानाच्या बाहेरच्या कडेला, मग फुगवट्याची सावली बरोब्बर खाचेत. लॅम्प ठेवायचा पुस्तकाच्या डोक्याकडे, म्हणजे जिथे पानाची पहिली ओळ असते त्या बाजूला. खाच उभी असते ना, उजेड तिच्या लांबीवरून वाहत जातो, घाटातल्या रस्त्यावर समोरून ऊन यावं तसा, कुठे सावली अडत नाही. खिडकीचा उजेड असेल तर पुस्तकाचं डोकं खिडकीकडे करा. आमच्या घोडबंदरच्या फ्लॅटला पश्चिमेची गॅलरी आहे, पावसाळ्यातली दुपार सगळ्यात छान, ढगांमुळे उजेड मऊ आणि सारखा. उन्हाळ्यात चारनंतर जमतच नाही.

काचेबद्दल विचारतीलच लोक. जुनं गम बाइंडिंग असेल तर काच दाबू नका, कणा तडकतो आणि पानं सुटी होतात. माझं पुस्तक त्याहून अवघड होतं, मूळची शिलाई सैल झाल्यावर कोणीतरी ते परत बांधून घेतलं होतं आणि बांधणाऱ्याने बाजूने आरपार भोकं पाडून दोरा घातला होता. मजबूत एकदम, पण आतला मार्जिन खाल्ला. असं पुस्तक कितीही दाबा, उघडत नाही. त्याला १०० अंशांची मांडणी हाच उपाय.

ह्या मांडणीने माझ्या ४७ नंबरच्या पानाचं काय झालं ते सांगते. खाचेजवळचा उतार साठवरून तीसच्या आसपास आला, शेवटचा एक सेंटीमीटर सोडून. तीस अंशाला रुंदी फक्त तेरा टक्के कमी होते, म्हणजे मिलिमीटरला १७ पैकी जवळजवळ १५ ठिपके हातात. पहिल्या फोटोत साडेसहा होते. सॉफ्टवेअरला अजून हातही लावलेला नाही.

आता सरळ करणं

इथे एक गोंधळ आधी सोडवू. बहुतेक स्कॅनर अॅप पानाचे चार कोपरे शोधतात आणि तो चौकोन ओढून आयत करतात. ते सपाट कागदाला, लाइट बिलाला, पावतीला बरोबर. पुस्तकाच्या पानाला त्याने कडा सरळ होतात आणि आतल्या ओळी तशाच वाकड्या राहतात, कारण कोपऱ्यांना मधल्या फुगवट्याची माहितीच नसते. आपल्याला हवं ते वेगळं, वळण सपाट करणारं. फोनवर व्हीफ्लॅटसारखं अॅप हे करतं, पान वळलेलं आहे हे धरूनच चालतं, आणि शंभरातली बरीच पानं त्यात होऊन जातात. घाईत असाल तर तेवढं करून बघा.

कॉम्प्युटर असेल तर मी स्कॅन टेलर अॅडव्हान्स्ड वापरते, फुकट आहे. फोटो टाकल्याटाकल्या ते डीपीआय विचारतं, कारण फोनच्या फोटोत लिहिलेला आकडा खोटा असतो. तिथे आपला हिशोब द्यायचा, मिलिमीटरला १७ म्हणजे इंचाला साधारण ४३०, मी ४३०च टाकते. मग ते एकेक पायरीने नेतं, पान फिरवणं, वेगळं करणं, तिरकेपणा काढणं, मजकुराची चौकट, मार्जिन, आणि शेवटची पायरी `Output`. वळण काढायचं काम ह्या शेवटच्या पायरीत आहे, हे मला कळायला एक आख्खा रविवार गेला.

`Output` मध्ये `Dewarping` चालू केलं की तीन मार्ग दिसतात. `Auto` स्वतः ओळी शोधतं. `Marginal` पानाच्या कडेवरून वळण ओळखतं. `Manual` मध्ये आपण सांगायचं. आधी `Auto` लावून बघा, नीट आलं तर पुढे. नाही आलं तर त्याच पानाला `Manual`, आणि `Dewarping` नावाच्या टॅबवर पानावर एक निळी जाळी दिसते. जाळीची वरची रेघ पानावरच्या एखाद्या वरच्या ओळीवर बसवायची, खालची रेघ शेवटून एखाद्या पूर्ण ओळीवर, आणि मधलं सगळं ते स्वतः अंदाजाने भरतं.

इथे आपल्या लिपीचा फायदा बघा. इंग्रजी पुस्तकवाल्यांना अक्षरांच्या पायाखालून एक काल्पनिक रेघ धरावी लागते, आपल्याकडे शिरोरेखा आयती मारलेली! निळ्या रेघेवरचे बिंदू ओढून बरोबर शिरोरेखेवर ठेवायचे. सपाट भागात दोन बिंदू पुरतात, खाचेजवळ वळण पटकन बदलतं म्हणून शेवटच्या तीन सेंटीमीटरला तीन-चार बिंदू. मधे जास्त बिंदू घालू नका, मी पहिल्यांदा हौसेने बारा घातले, रेघ लाटांसारखी झाली आणि सरळ केलेल्या ओळीही तशाच डुलल्या. ओळ मात्र पूर्ण रुंदीची निवडा, परिच्छेदाची शेवटची अर्धी ओळ नको, आणि मथळ्याची तर अजिबात नको.

ओळी सरळ झाल्या की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे चेपलेली अक्षरं परत रुंद होणं, त्यासाठी `Depth perception` नावाची सरकपट्टी आहे. तिने ओळीच्या सरळपणाला फार फरक पडत नाही, खाचेकडच्या अक्षरांच्या रुंदीला पडतो. मी काय करते, पानावर 'आणि' दोन ठिकाणी शोधते, एक मध्यावर आणि एक खाचेजवळ, मराठी पान आणि 'आणि' सापडला नाही असं होत नाही. दोन्हींची रुंदी स्क्रीनवर पट्टी लावून मोजायची, हसू नका, खरंच पट्टी लावते मी. मध्यावर १० मिलिमीटर आणि खाचेजवळ ७ आला तर पट्टी सरकवायची, ९ च्या वर आला की सोडून द्यायचं. १२ झाला तर जास्त ताणलं. एका पानाला जमलं की त्याच्या आजूबाजूच्या वीसेक पानांना तोच आकडा चालतो, कारण पुस्तकाची जाडी एवढ्यात बदलत नाही.

शिवाय काना बघा. 'का', 'मा', 'रा' यांचे काने खाचेजवळही उभे सरळ हवेत. ओळ सरळ पण काने कलंडलेले असतील तर जाळीची उभी कड पानाच्या कडेला समांतर नाही, ती ओढून बसवायची.

ज्यांना कमांड टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी दुसरा रस्ता पण आहे. मॅट झकर यांनी २०१६ मध्ये पानातल्या ओळी स्वतः शोधून त्यावरून पानाचं वळण काढणारा पायथनचा प्रोग्रॅम लिहिला, तो आता असा चालतो.

```
pip install page-dewarp
page-dewarp 047.jpg
tesseract 047_thresh.png 047 -l mar --psm 6
```

दुसऱ्या ओळीने सरळ केलेलं काळं-पांढरं पान मिळतं, तिसरी ओळ त्यातून मराठी टेक्स्ट काढते, त्याकडे येतेच. हा प्रोग्रॅम असं धरून चालतो की पानाचं वळण वरपासून खालपर्यंत एकसारखं आहे, कौलासारखं किंवा अर्ध्या पाइपसारखं. वळण एकसारखं असेल तर निकाल बघून थक्क व्हाल. पण तुमच्या अंगठ्याने खालचा कोपरा दाबलेला असेल आणि वरचा मोकळा असेल तर पान पिळलेलं असतं, मग वरच्या ओळी सरळ होतात आणि खालच्या नाहीत. जाळीवाल्या पद्धतीत निदान वरची आणि खालची रेघ वेगवेगळी बसवता येते. आणि ओळी कमी असतील, कविता, अर्ध्या पानावर संपलेलं प्रकरण, चित्राचं पान, तर त्याला धरायला काही मिळत नाही आणि पान भलतंच मुरडून येतं. तेव्हा ते पान हाताने.

टेक्स्ट काढताना काय फरक पडतो

तीन आठवड्यांनी आत्याला वाचून दाखवणारा आवाज हवासा वाटला, दुपारी डोळे दुखतात म्हणून. त्यासाठी फोटोतून अक्षरं काढावी लागतात, टेसरॅक्ट हे करतं, फुकट. आणि इथे वळलेल्या ओळींनी काय होतं ते अगदी समोर दिसतं.

असे प्रोग्रॅम आधी पानाचे आडवे पट्टे पाडतात, एक पट्टा एक ओळ, आणि मग एकेक पट्टा वाचतात. ओळ थोडी वाकली तर सांभाळून घेतात. पण ती सहा मिलिमीटर घसरली की पट्ट्याच्या टोकाला शेजारच्या ओळीचे शब्द येऊन बसतात. त्याच्या आधीच मात्रांचा गोंधळ सुरू होतो, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन चिकटतो. इंग्रजीत ओळींच्या मध्ये मोकळी जागा असते, आपल्याकडे ती जागा मात्रांनीच भरलेली, म्हणून मराठीला हा त्रास लवकर होतो.

चूक ओळखायची कशी? डाव्या पानाच्या ओळींचा शेवट खाचेत जातो, उजव्या पानाच्या ओळींची सुरुवात. म्हणजे सम पानांवर प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन-तीन शब्द तपासा, विषम पानांवर पहिले दोन-तीन. मधलं सगळं बरोबर आणि फक्त ह्या कडेला कचरा असेल तर दोष वळणाचा. सगळीकडे सारखा कचरा असेल तर फोकस, उजेड किंवा छपाईच फिकट, तिथे सरळ करून काही होणार नाही. आणि शब्द बरोबर पण भलत्या ओळीत गेलेले दिसले, तर ती वळणाची अगदी पक्की खूण.

माझ्या ४८ नंबरच्या पानावर ३१ ओळी होत्या. पहिल्या, दोन पानं एकत्रवाल्या फोटोतून टेक्स्ट काढलं तेव्हा १९ ओळींच्या शेवटी काहीतरी चुकलं होतं, त्यात चार ठिकाणी शेवटचे शब्द खालच्या ओळीत गेलेले. तोच फोटो नुसता सरळ केला तर ओळींची सरमिसळ पूर्ण गेली पण ११ ओळींचा शेवटचा शब्द तरी चुकलेला राहिला, ते ठिपके कमी पडल्याचे. नव्या मांडणीने परत फोटो काढून सरळ केला तेव्हा उरल्या दोन. एका पानाचा हिशोब आहे, तुमच्या पुस्तकात आकडे वेगळे येतील, पण कुठली चूक कशाने गेली ते यात दिसतं.

आत्याला डोळ्यांनी वाचायला देताना मात्र मी काळं-पांढरं पान देत नाही. टेक्स्ट काढायला ते चांगलं, पण खाचेजवळची बारीक वेलांटी त्यात तुटते आणि कमी दिसणाऱ्याला तुटलेली वेलांटी म्हणजे नसलेली वेलांटी. तिच्यासाठी `Output` मध्ये रंगीत किंवा करडं ठेवते. आणि मार्जिन सगळ्या पानांना सारखा, म्हणजे एकदा तिप्पट मोठं केलं की पान उलटल्यावर ओळ तिथेच सुरू होते, शोधावी लागत नाही. तिला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, अक्षरांचा शार्पपणा वगैरे नाही.

राहिली ती दोऱ्याखाली गेलेली अक्षरं. २१२ पानांपैकी नऊ पानांवर ओळीच्या सुरुवातीचं एखादं अक्षर शिलाईच्या आतच आहे, ते फोटोत नाही म्हणजे नाहीच. टेक्स्टमध्ये तिथे मी चौकोनी कंसात तीन टिंबं ठेवली. आत्याचं म्हणणं पडलं की टिंबं काढ, आवाज तिथे अडखळतो, तिला तो शब्द माहीत आहे. मग तिने सांगितले ते शब्द घातले, आणि कुठले घातले त्याची एक यादी फोल्डरमध्ये वेगळी ठेवली आहे.